पगार शारजाचा, एसआयपी खेडची

खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड या पट्ट्यात घरटी एक माणूस आखातात असतो असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार झाला की तो एक्स्चेंज हाउसच्या रांगेत उभा राहतो आणि घरी पैसे पाठवतो. पूर्वी या पैशातून आधी घर बांधलं जाई, मग बहिणीचं लग्न, मग जमिनीचा तुकडा. गेल्या काही वर्षांत या यादीत म्युच्युअल फंडाची एसआयपी आली आहे. मात्र पैसे पाठवण्याची रीत जुनीच राहिली. वडिलांच्या बचत खात्यात टाकायचे आणि तिथून पुढे काय ते बघायचं. घर बांधायला ही रीत चालते. फंडात गुंतवणूक करायला ती चालत नाही, कारण फंडाचे पैसे कोणत्या खात्यातून आले यावरच ते पुढे कुठे जाऊ शकतील हे ठरतं.

एक माणूस डोळ्यांसमोर ठेवू. वय पस्तीसच्या आसपास, शारजात एका कंपनीत एसीच्या कामाचा फोरमन, बायको-मुलं खेडला. दर महिन्याला घरखर्चाचे पैसे तो वेगळे पाठवतो आणि त्याशिवाय २५,००० रुपये फंडात घालू शकतो. परदेशी जाण्याआधी त्याने चिपळूणच्या एका बँकेतल्या साध्या बचत खात्यातून २,००० रुपयांची एसआयपी सुरू केली होती. ती अजून चालू आहे आणि खातंही तसंच आहे. आता त्याला रक्कम वाढवायची आहे. माणूस काल्पनिक आहे, पण त्याच्या कागदपत्रांतले घोळ आखाती घरांत नेहमी दिसणारे आहेत.

पहिला घोळ त्या जुन्या खात्याचाच. नोकरीसाठी परदेशी गेलेला माणूस विदेशी चलन व्यवस्थापन कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या, लेखी निघाल्या दिवसापासून अनिवासी होतो. त्याला भारतात साधं बचत खातं ठेवता येत नाही. ते बंद करावं लागतं किंवा एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं. याकडे बहुतेकांचा काणाडोळा असतो, बँकही आपणहून विचारत नाही आणि वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. बिघडतं ते रक्कम मोठी झाल्यावर. कायद्यात गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. तितका दंड लहान माणसाला सहसा होत नाही हे खरं. पण युनिटं विकून पैसे बाहेर न्यायची वेळ आली की बँक पहिला प्रश्न विचारते, तुम्ही अनिवासी कधी झालात आणि हे खातं कोणतं? त्या वेळी उत्तर जुळवत बसण्यापेक्षा सुट्टीत आल्यावर पासपोर्ट आणि रेसिडेन्स व्हिसाची प्रत घेऊन बँकेत जाणं सोपं.

अनिवासी माणसाला रुपयांत दोन प्रकारची खाती उघडता येतात. एनआरई खात्यात परदेशातून आलेला पैसाच जमा होतो. तो आला तसा केव्हाही, कितीही, परवानगीशिवाय परत जाऊ शकतो आणि त्यावरचं व्याज भारतात करमुक्त असतं. एनआरओ खातं भारतातल्या उत्पन्नासाठी आहे. गाळ्याचं भाडं, बागेचे पैसे, जुन्या ठेवीचं व्याज, वडिलोपार्जित जमीन विकून आलेला वाटा, हे सगळं इथे. यातल्या व्याजावर कर लागतो आणि बँक तो आधीच कापून घेते. यातून बाहेर पैसे न्यायचे तर आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा आहे. ही मर्यादा खेडच्या फोरमनला आयुष्यात आडवी येणार नाही. आडवे येतात ते कागद. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरचं घोषणापत्र आणि सीएचं प्रमाणपत्र, म्हणजे आजवर १५सीए आणि १५सीबी या नावांनी ओळखले गेलेले फॉर्म, शिवाय बँकेचा स्वतःचा अर्ज. सीएची फी प्रत्येक वेळी वेगळी.

एनआरईमधून एनआरओमध्ये पैसे हवे तेव्हा वळवता येतात. उलट दिशेला, एनआरओमधून एनआरईमध्ये न्यायचे तर तीच १० लाख डॉलरची मर्यादा आणि तेच सीएचे कागद लागतात. म्हणून शारजाहून आलेले दिरहम एकदा एनआरओमध्ये पडले की ते मूळचे परदेशी होते या गोष्टीला फारसा अर्थ उरत नाही. एक्स्चेंज हाउसच्या काउंटरवर लाभार्थ्याचं खातं नोंदवताना दोन्ही खात्यांचे आकडे जवळपास सारखेच दिसतात आणि घाईत चुकीचा निवडला जातो. पावतीवर छापलेला खाते क्रमांक तिथेच उभं राहून एकदा वाचावा.

घरच्यांनाही हा फरक सांगून ठेवावा लागतो. मे महिन्यात बागेचे पैसे हातात आले की वडील ते मुलाच्या खात्यात भरायला बँकेत जातात आणि काउंटरवरचा माणूस स्लिप परत करतो. संध्याकाळी फोनवर तक्रार ठरलेली, ‘अरे, तुझ्याच खात्यात तुझेच पैसे घेत नाहीत म्हणजे काय?’ आंब्याचे पैसे भारतातले, म्हणून एनआरई खातं ते घेणार नाही. ते एनआरओमध्ये भरायचे. बँकवाल्याने स्लिप परत केली ती योग्यच केली.

आता फंडाकडे येऊ. अनिवासी भारतीयाला इथल्या म्युच्युअल फंडांत गुंतवणूक करायला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. काही बँकांचे अधिकारी यासाठी पीआयएस नावाचं खातं उघडायला सांगतात. ते शेअर बाजारात थेट शेअर घेणाऱ्यांसाठी असतं, फंडासाठी त्याची गरज नाही आणि त्याची वार्षिक फी फुकट जाते. फंडाला लागतं ते अनिवासी म्हणून केलेलं केवायसी. त्यात पॅन, पासपोर्ट, व्हिसा किंवा रेसिडेन्सचा पुरावा, शारजाचा पत्ता आणि आपण कोणत्या देशाचे करदाते आहोत याची घोषणा. आपल्या फोरमनचं केवायसी अजून रहिवासी म्हणून आहे आणि त्यावर खेडचा पत्ता आहे. ते आधी बदलावं लागेल. ते बदललं की त्या जुन्या २,००० रुपयांच्या एसआयपीचा फोलिओही अनिवासी होईल आणि त्याला एनआरओ खातं जोडलं जाईल. रहिवासी असताना घेतलेली युनिटं तो ठेवू शकतो, पण ती विकल्यावर पैसे एनआरओमध्येच येतील.

नव्या २५,००० साठी मात्र एनआरई खात्यातून नवीन फोलिओ उघडायचा. दोन्ही खात्यांचे पैसे एका फोलिओत मिसळू नयेत. फंडाच्या स्टेटमेंटवर नावाखाली टॅक्स स्टेटस अशी एक ओळ असते. पहिला हप्ता गेल्यावर त्या ओळीत एनआरई लिहिलं आहे का आणि खाली नोंदवलेलं बँक खातं तेच आहे का, एवढं बघायचं. तिथे एनआरओ किंवा नुसतं रहिवासी असं दिसलं तर लगेच दुरुस्त करता येतं. साठ हप्ते झाल्यावर दुरुस्त करायचं म्हणजे प्रत्येक हप्ता कोणत्या खात्यातून गेला याचे बँकेचे उतारे काढत बसावं लागतं, आणि तरी फंड हाउस मान्य करेलच असं नाही.

हप्ता बँकेकडून आपोआप जावा यासाठी एनआरई खात्यावर मँडेट द्यावं लागतं. पगार पाच तारखेला होतो म्हणून एसआयपीची तारीख सात ठेवली तर दोन-चार महिन्यांतून एकदा फसगत होते. कंपनीचा पगार लांबतो, मध्ये शनिवार-रविवार येतो, एक्स्चेंज हाउसहून निघालेले पैसे एक दिवस अडकतात. खात्यात शिल्लक नसली की मँडेट परत जातं आणि बँक दंड कापते. लागोपाठ तीन मासिक हप्ते चुकले की फंड हाउस एसआयपी बंदच करतं. तारीख वीसच्या पुढची घ्यावी आणि एनआरईमध्ये दोन हप्त्यांइतकी शिल्लक कायम पडून राहू द्यावी. तिच्यावरचं व्याज तसंही करमुक्त आहे.

वडिलांच्या खात्यातून मुलाच्या नावाची एसआयपी भरता येईल का, हा प्रश्न दर घरात येतो. येत नाही. फंड हाउस दुसऱ्याच्या खात्यातले पैसे घेत नाही. मग पुष्कळ घरांत वडिलांच्याच नावाने फंड घेतला जातो. कायद्याने त्यात गैर काही नाही. मुलाने वडिलांना दिलेली रक्कम भेट ठरते, तिच्यावर कर नाही आणि पुढचा नफा वडिलांचा. पण मग ती युनिटंही वडिलांची. त्यांच्या पश्चात ती वारसांमध्ये वाटली जातील आणि शारजात ज्याने ओव्हरटाइम केला तो त्या वारसांपैकी एक असेल. भावाभावांतले बरेच अबोले इथून सुरू होतात. बायकोच्या नावाने घेतलं तर गोष्ट आणखी वेगळी. नवऱ्याने दिलेल्या पैशावरचं बायकोचं उत्पन्न प्राप्तिकर कायदा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतो, तेव्हा कर वाचवण्यासाठी तो मार्ग धरण्यात अर्थ नाही. घरच्या माणसाला व्यवहार बघता यावेत एवढीच गरज असेल तर एनआरई खात्यात जवळच्या निवासी नातेवाइकाला दुसरा खातेदार म्हणून घेता येतं. तो खातं स्वतःच्या हक्काने चालवतो ते पहिल्या खातेदाराच्या पश्चातच. तोवर इथले व्यवहार करायचे तर मुखत्यारपत्र द्यावं लागतं.

आता कराचा हिशोब. पाच वर्षं झाली, साठ हप्ते गेले, म्हणजे १५ लाख रुपये भरले. फंड शेअर बाजारातला होता आणि त्याची किंमत २१ लाख झाली असं धरू. हा आकडा केवळ हिशोबासाठी घेतला आहे. बाजार वाईट असेल तर १४ लाखही होतील. नफा ६ लाख. बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या युनिटांवरचा नफा दीर्घकालीन, त्याहून कमी ठेवलेल्यांवरचा अल्पकालीन. एसआयपीत प्रत्येक हप्त्याचं वय वेगळं धरलं जातं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पाच वर्षं झाली म्हणून सगळी युनिटं पाच वर्षांची होत नाहीत, शेवटचे बारा हप्ते अजून कोवळेच असतात. समजा ६ लाखांपैकी ५,७५,००० दीर्घकालीन आणि २५,००० अल्पकालीन आहेत.

२३ जुलै २०२४ पासूनच्या दरांप्रमाणे दीर्घकालीन नफ्यातले वर्षाला पहिले सव्वा लाख माफ आणि उरलेल्यावर साडेबारा टक्के. अल्पकालीन नफ्यावर २० टक्के. म्हणजे ४,५०,००० वर ५६,२५० आणि २५,००० वर ५,०००. एकूण ६१,२५०, त्यावर ४ टक्के उपकर धरून ६३,७०० रुपये. रहिवासी माणसाला फंडाची विक्री केल्यावर पूर्ण पैसे मिळतात आणि कर नंतर भरायचा असतो. अनिवासीचा कर फंड हाउस टीडीएस म्हणून आधीच कापतं. फंड हाउसला त्याच्यापुढच्या विक्रीतला नफा तेवढा दिसतो. तुम्हाला दुसऱ्या कंपनीच्या फंडात तोटा झाला होता हे त्याला माहीत नसतं. म्हणून कापलेला कर आणि खरा लागू होणारा कर यांत फरक पडू शकतो. तो परत मिळवायचा तर रिटर्न भरावं लागतं, आणि अनिवासीला सोपा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो.

पॅनकडेही एकदा बघून घ्यावं. अनिवासीला पॅन आधारशी जोडण्याची सक्ती नाही. पण प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत तो अजून रहिवासीच असेल तर आधार न जोडल्याबद्दल त्याचं पॅन निष्क्रिय होतं आणि टीडीएस चढ्या दराने कापला जातो. खात्याच्या संकेतस्थळावर आपली स्थिती काय दिसते ते बघून अनिवासी म्हणून नोंद करून घ्यावी.

शेअर बाजारातल्या फंडाऐवजी कर्जरोख्यांचा डेट फंड घेतला असता तर चित्र बदललं असतं. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा फंडाचा नफा कितीही वर्षांनी काढला तरी नेहमीच्या उत्पन्नासारखा स्लॅबने मोजतात. अनिवासीकडून मात्र फंड हाउस ३० टक्के अधिक उपकर कापतं. आखातातल्या माणसाचं भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे कापलेल्यापैकी बरंच परत येतं. पण त्यासाठी रिटर्न भरलं पाहिजे. ज्यांनी ते भरलंच नाही त्यांचे पैसे सरकारकडे पडून राहतात.

आता थोडं उलट बाजूने. वरच्या ६३,७०० मध्ये एक बोचणारी गोष्ट आहे. रहिवासी माणसाचं बाकी उत्पन्न कमी असेल तर त्याची वापरली न गेलेली करमुक्त मर्यादा शेअर फंडाच्या नफ्यापुढे वापरता येते. अनिवासीला ती सवलत नाही. त्याचं भारतात एक रुपयाचं दुसरं उत्पन्न नसलं तरी सव्वा लाखाच्या वर त्याला साडेबारा टक्के द्यावेच लागतात. हा कर हलका करायचे तीन रस्ते आहेत.

एक अगदी साधा. विक्रीचे दोन भाग करायचे. अर्धी युनिटं मार्चच्या शेवटी आणि अर्धी एप्रिलच्या सुरुवातीला विकली तर दोन आर्थिक वर्षं लागतात आणि सव्वा लाखाची माफी दोनदा मिळते. सव्वा लाखावर साडेबारा टक्के आणि उपकर, म्हणजे १६,२५० रुपये वाचले. यात कोणाला काही विचारायचं नाही.

दुसरा रस्ता भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातल्या दुहेरी करटाळणी कराराचा. त्या करारात शेअरच्या नफ्यावर भारताला कर घेता येतो, पण ज्याचं नाव घेतलेलं नाही अशा इतर मालमत्तेच्या नफ्यावर फक्त राहत्या देशाने कर घ्यायचा असं कलम आहे. म्युच्युअल फंडाचं युनिट म्हणजे शेअर नव्हे, ते ट्रस्टचं युनिट आहे, म्हणून ते इतर मालमत्तेत जातं, असा निर्णय प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या कोचीन खंडपीठाने २०१९ मध्ये अमिरातीतल्या एका करदात्याच्या बाजूने दिला. मुंबई खंडपीठाने २०२५ मध्ये सिंगापूरच्या रहिवाशाबाबत तसंच म्हटलं. अमिरातीत वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही, तेव्हा दोन्हीकडे शून्य. ऐकायला छान वाटतं. पण त्यासाठी अमिरातीच्या कर प्राधिकरणाचं रहिवास प्रमाणपत्र लागतं, भारतात आजवर १०एफ नावाने ओळखला गेलेला फॉर्म भरावा लागतो आणि कापलेला कर रिटर्नमध्ये मागावा लागतो. शिवाय न्यायाधिकरणाच्या निकालावर खातं वर जाऊ शकतं. माझं मत विचाराल तर नफा ६ लाखांचा असेल तर या वाटेला जाऊ नये. प्रमाणपत्राचा खर्च, सीएची फी आणि एखादी नोटीस आली तर तिच्यामागची धावाधाव धरता हाती थोडंच राहतं. नफा ६० लाखांचा असेल तर जरूर जावं, पण जाणकार सीएला बरोबर घेऊन.

तिसरा रस्ता आखातातल्या माणसाला सगळ्यात सोयीचा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. आखातात जन्मभर राहता येत नाही. व्हिसा संपला की माणूस घरी येतो. आपला फोरमन कायमचा परतला आणि एखाद्या आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिला तर त्या वर्षापुरता तो करासाठी रहिवासी होतो. १ ऑक्टोबरला उतरला तरी ३१ मार्चपर्यंत बरोबर १८२ दिवस भरतात. समजा तो जूनमध्ये आला, काही महिने काम शोधत राहिला आणि त्या वर्षात त्याचं दुसरं करपात्र उत्पन्न नाही. एसआयपी थांबवून वर्ष झालं आहे, सगळी युनिटं दीर्घकालीन झाली आहेत. सोपं जावं म्हणून नफा तोच ६ लाख धरू. आता सव्वा लाखाची माफी आणि नव्या पद्धतीतली ४ लाखांची करमुक्त मर्यादा, दोन्ही वजा होतात. उरतात ७५,०००. त्यावर साडेबारा टक्के म्हणजे ९,३७५ आणि उपकर धरून ९,७५० रुपये. ६३,७०० च्या जागी ९,७५०. दुसरं उत्पन्न असेल, उदाहरणार्थ ठेवींचं व्याज दोन लाख, तर त्या प्रमाणात हा फायदा घटतो. आणि थांबलेल्या काळात बाजार १० टक्के पडला तर वाचलेल्या कराच्या चौपट नुकसान होईल, हेही धरून चालावं. पैशाची गरज एरवी नसेल तेव्हाच ही वाट.

मग सुरुवातीला एनआरईचा एवढा आग्रह कशाला, असं कोणी विचारील. शेवटी खेडलाच यायचं असेल तर पैसे परत न्यायची सोय हवी कशाला? कारण आखातातली नोकरी कधी कुठे वळेल ते सांगता येत नाही. शारजाहून कोणी कॅनडाला जातो, कोणाला मुलाच्या शिक्षणासाठी पैसे बाहेर लागतात, कोणी तिथेच गाळा घेऊन धंदा टाकतो. एनआरईमधून घेतलेली युनिटं विकली की कर वजा जाता पूर्ण रक्कम एनआरईमध्ये येते आणि तिथून कोणत्याही कागदाशिवाय बाहेर जाते. सोय वापरली नाही तर तिची किंमत काही लागत नाही. नसली आणि लागली तर सीएच्या दारात उभं राहावं लागतं.

बाहेर पैसे नेणाऱ्याने मात्र हिशोब दिरहममध्येही करून बघावा. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपया डॉलरपुढे घसरला की दिरहमपुढेही तेवढाच घसरतो. २०१४ च्या मध्यात डॉलर ६० रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. आपल्या उदाहरणात पाच वर्षांत सरासरी साडेबावीस रुपयांना एक दिरहम या दराने पैसे आले असं धरलं तर १५ लाखांसाठी त्याने ६६,६६७ दिरहम पाठवले. कर जाऊन उरलेले २०,३६,३०० रुपये साडेचोवीसच्या दराने परत नेले तर हाती ८३,११४ दिरहम येतील. रुपयांत कर जाऊन जवळजवळ ३६ टक्के वाढ दिसली, दिरहममध्ये ती २५ टक्क्यांच्या आतच राहिली. सरकारने कर मात्र रुपयांतल्या नफ्यावर घेतला. खेडला घर चालवणाऱ्याला या घसरणीचं काही वाटत नाही. उलट रुपया घसरला की त्याच दिरहममध्ये त्याला जास्त रुपये मिळतात.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी वरचा हिशोब स्वतःला लावू नये. तिथला कर कायदा भारतीय म्युच्युअल फंडाला पीएफआयसी नावाच्या खास कठोर वर्गात टाकतो. त्यासाठी फॉर्म ८६२१ भरावा लागतो, एरवी प्रत्येक फंडासाठी वेगळा, आणि तो भरून घेण्याचा खर्चच कधीकधी वर्षाच्या नफ्याहून जास्त होतो. त्यातून बऱ्याच भारतीय फंड कंपन्या अमेरिका आणि कॅनडातल्या माणसांचे पैसे घेतच नाहीत, घेणाऱ्यांच्याही अटी असतात. त्यांच्यासाठी वेगळा लेख लागेल.

आपला फोरमन परत आला की क्रम असा ठेवायचा. फेमा दिवस मोजत बसत नाही, माणूस कायमचा आला का एवढं बघतो, म्हणून बँकेत लगेच जाऊन एनआरई आणि एनआरओ दोन्ही खाती रहिवासी करून घ्यायची. एनआरईवरच्या व्याजाची करमाफीही तिथेच संपते. नंतर केवायसी रहिवासी, मग प्रत्येक फोलिओवर नवं खातं, मग प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर स्थितीत बदल, आणि आता रहिवासी झाल्यामुळे पॅनला आधारची जोडणी. फंड हाउसकडून फोलिओचा टॅक्स स्टेटस बदलल्याची पोच हाती आल्याशिवाय विक्रीचा अर्ज देऊ नये. नाहीतर फंड हाउस त्याला अनिवासीच समजून टीडीएस कापेल आणि ते पैसे परत मिळायला पुढच्या वर्षीचं रिटर्न भरेपर्यंत थांबावं लागेल.